सोमवारची प्रेरणा-क्लिप महिन्याभरात निष्प्रभ होते : कारण कसं शोधायचं, स्क्रिप्ट कशी दुरुस्त करायची

लक्षण

कारखान्यातला टीम लीडर दर सोमवारी मिनिट-सव्वा मिनिटाची क्लिप तयार करून लाईनच्या ग्रुपवर टाकतो. पहिली क्लिप सगळे बघतात, कारण रोज मशीनवर दिसणारा माणूस मोबाईलवर बोलताना दिसतो. दुसऱ्या आठवड्यात अंगठे येतात. महिना भरत आला की अंगठे क्लिप संपण्याच्या आधीच येऊ लागतात. सव्वा मिनिटाच्या क्लिपला वीस सेकंदांत अंगठा आला, तर ती कोणी बघितलेली नाही. निळ्या खुणेवरही विसंबू नका. तिचा अर्थ मेसेज उघडला एवढाच असतो.

यानंतर बहुतेक जण चुकीचा भाग दुरुस्त करायला घेतात. मागे संगीत घालतात, सूर्योदयाचा फोटो लावतात, आवाज चढवतात. दोष स्क्रिप्टमध्ये असेल तर यातल्या कशानेही फरक पडत नाही. मी इथे सीएनसी मशीन शॉपची लाईन धरून लिहितो आहे. चाकण, भोसरीकडच्या वाचकांना ती ओळखीची आहे, आणि या कामात चांगलं काम नेमकं कुठे दिसतं हे मोजून दाखवता येतं.

आधी तपासणी

मागच्या तीन क्लिप कागदावर उतरवून घ्या. नुसत्या ऐकू नका, शब्दन् शब्द लिहा. मग प्रत्येक वाक्याला विचारा : हे वाक्य बँकेच्या शाखाधिकाऱ्याने किंवा साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याने जसंच्या तसं म्हटलं तर चालेल का? चालत असेल तर ते खोडा.

नमुना म्हणून अशा क्लिपचा ठरलेला मजकूर बघा :

"नमस्कार मित्रांनो. नवा आठवडा, नवी सुरुवात. कष्टाला पर्याय नसतो. अपयश ही यशाची पहिली पायरी असते. आपण सगळे एक कुटुंब आहोत. गेल्या आठवड्यात आपण खूप छान काम केलं. या आठवड्यात याहून छान करूया. एकीचं बळ दाखवूया."

यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते हातून सुटत नाही. पण तपासणी लावली तर सगळा मजकूर खोडला जातो. बोअरचं मशीन चालवणाऱ्याला सोमवारी सकाळी सात वाजता करण्याजोगं त्यात काही उरत नाही.

मोठं उदाहरण घेतल्यानेही हे सुटत नाही. १९८३ च्या विश्वचषकात झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे १७ धावांत ५ गडी बाद झाले होते आणि कपिल देव १७५ वर नाबाद राहिले. गोष्ट खरी आहे, मलाही ती अतिशय प्रिय आहे. पण ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती सांगणाऱ्यापेक्षा जास्त तपशिलात ठाऊक असते, आणि तिच्यातून त्यांच्या मशीनवर नेमकं काय करायचं ते निघत नाही. शिवरायांच्या गडांच्या गोष्टींचंही तेच. त्या थोर आहेत आणि त्यांचं स्थान त्यांच्यापाशीच आहे. रिजेक्शनच्या बोलण्याला झालर म्हणून त्या लावू नयेत.

मूळ कारण : रविवारी रात्रीचा कोरा कागद

घासून गुळगुळीत झालेली वाक्यं लिहिणाऱ्याच्या आळसातून येत नाहीत. हाताशी कच्चा माल नसतो म्हणून ती येतात. क्लिप सोमवारी द्यायची असते, लीडर रविवारी रात्री बसतो, आठवड्यात काय घडलं ते निम्मंअधिक विसरलेलं असतं. मग जे सगळ्यांना पाठ असतं तेच लेखणीतून उतरतं.

त्यामुळे दुरुस्ती लिहिण्याच्या वेळी होत नाही, ती आठवडाभर आधीच सुरू करावी लागते. खिशातल्या छोट्या वहीत रोज एक नोंद करा. नोंदीत तीन गोष्टी हव्यात : कोणी काय केलं, कुठे आणि केव्हा केलं, आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं. तिसरी गोष्ट लिहिता येत नसेल तर ती नोंद क्लिपच्या कामाची नाही. "अमुक जण वेळेवर आले" याला तिसरी ओळ सापडत नाही.

नोंदी मिळायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पाळी बदलण्याच्या आधीची आणि नंतरची पंधरा मिनिटं. एकाचं काम दुसऱ्याच्या हाती जातं तिथे चुका होतात, आणि माणसं न सांगता एकमेकांना सांभाळून घेतात तेही तिथेच. पाळीचं रजिस्टर चाळा, मशीनच्या पॅनलवर काय चिकटवलंय ते बघा, आणि येणाऱ्या ऑपरेटरला एवढंच विचारा, "आज मशीन हातात घेताना काही शोधावं लागलं का?" उत्तर "नाही" आलं, तर का नाही तेही विचारा. "नाही सर, त्यांनी लिहून ठेवलं होतं," असं ऐकलंत की तुमची क्लिप सापडली.

एक उदाहरण, सगळ्या तपशिलासह

नोंद अशी आहे असं धरू. लाईन दोनवर बुशचा बोअर, म्हणजे आतलं गोल छिद्र, होतो. माप २५ एच७. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवा. बोअर करणारा इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं बदलता येणारं टोक, झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो. म्हणून ऑपरेटर मधूनमधून वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारी मापाची दुरुस्ती, वाढवतो. पाळी संपेपर्यंत एकूण ०.०१५ मिलिमीटर, म्हणजे १५ मायक्रॉन, ऑफसेट दिला गेला होता. जाताना त्याने पॅनलवर चिठ्ठी लावली : ऑफसेट इतका दिलाय, कोपरा बदलला तर शून्य करा.

दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने अर्ध्या तासात इन्सर्टचा झिजलेला कोपरा बदलून न झिजलेला पुढे आणला, चिठ्ठी वाचून ऑफसेट शून्य केला, पहिला पीस मोजला. माप आलं २५.०११. ऑफसेट तसाच राहिला असता तर साधारण २५.०२६ आलं असतं. वरच्या मर्यादेच्या पाच मायक्रॉन बाहेर. बोअर लहान राहिला तर पुन्हा मशीनवर घेऊन वाचवता येतो. मोठा झाला की तो पीस भंगारात जातो.

यावरची पहिली स्क्रिप्ट बहुधा अशी उतरते :

"मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या एका ऑपरेटरने अतिशय जबाबदारीने काम केलं. त्याच्या जागरूकतेमुळे पन्नास पीस वाचले. असे कर्मचारी ही कंपनीची खरी संपत्ती आहे. आपण सगळ्यांनी त्यांच्याकडून शिकलं पाहिजे. छोट्या गोष्टीच मोठा फरक घडवतात."

उदाहरण आहे, तरी क्लिप पडणार, आणि इथली पडण्याची कारणं आधीच्या मजकुरापेक्षा वेगळी आहेत.

चिठ्ठी गायब झाली आहे. "जबाबदारीने काम केलं" हा लीडरने काढलेला निष्कर्ष आहे. ऐकणाऱ्याला हवी ती चिठ्ठी, तिच्यावरचे शब्द, ती लावली ती जागा. निष्कर्ष त्याचा तो काढतो, आणि स्वतः काढलेला असतो म्हणून तो त्याला पटतो.

पन्नास पीस कुठून आले? कोपरा बदलल्यावर पहिला पीस मोजायचा, हा नियम लाईनवर सगळ्यांना ठाऊक आहे. नियम पाळला तर एकच पीस जातो. पन्नासचा आकडा ऐकून मशीनवरचा माणूस मनात म्हणतो, साहेबांना आमचं काम माहीत नाही. त्यानंतरचं एकही वाक्य त्याच्यापर्यंत पोचत नाही. ही चूक मला सगळ्यात महाग वाटते, कारण तिचा परिणाम पुढच्या क्लिपवरही राहतो. नुकसान जेवढं होतं तेवढंच सांगा. एक पीस तर एक पीस.

तिसरं कारण जरा सविस्तर सांगायला हवं. "कंपनीची खरी संपत्ती", "त्यांच्याकडून शिका" या शब्दांनी बोलणं चिठ्ठीवरून उठतं आणि माणसांच्या तुलनेवर जाऊन बसतं. ज्याचं कौतुक झालं तो जेवणाच्या सुट्टीत चेष्टेचा विषय होतो, बाकीच्यांना वाटतं आपल्याला कमी लेखलं. अव्रहाम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामाबद्दल माणसांना दिलेल्या अभिप्रायांवरचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले होते. सरासरी काढली तर अभिप्रायाने काम सुधारलेलं दिसलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते उलट खालावलं होतं. त्यांची मांडणी अशी की अभिप्रायाने लक्ष हातातल्या कामावरून स्वतःच्या प्रतिमेकडे वळलं की त्याचा उपयोग घटतो. कौतुकालाही हे लागू आहे. म्हणून क्लिपमध्ये कृतीचं वर्णन करा, स्वभावाला विशेषणं लावू नका.

शेवटचं वाक्य तर खोडाच. छोट्या गोष्टी मोठा फरक घडवतात हे चिठ्ठीने आधीच दाखवून दिलं आहे.

दुरुस्त स्क्रिप्ट अशी होईल. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत :

"मंडळी, गुरुवारची गोष्ट. लाईन दोन, बोअरचं मशीन. दुपारी तीनला पाळी बदलली. जाताना … यांनी पॅनलवर ही चिठ्ठी लावली. वाचून दाखवतो. 'बोअरला वेअर ऑफसेट अधिक पंधरा मायक्रॉन दिलाय. कोपरा बदलला तर शून्य करा.' एवढंच लिहिलंय.

साडेतीनला … यांनी कोपरा बदलला. चिठ्ठी वाचली, ऑफसेट शून्य केला, पहिला पीस मोजला. पंचवीस पूर्णांक शून्य अकरा. ओके.

ऑफसेट तसाच राहिला असता तर शून्य सव्वीस आला असता. आपली मर्यादा शून्य एकवीस. एक पीस भंगारात गेलाच असता. आणि गडबडीत पहिला पीस मोजायचा राहिला, तर पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

चिठ्ठी लावा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, 'सकाळी येऊन ऑफसेट शोधत बसायला लागतं, ते दुसऱ्याला नको.'

आजपासून बोअरच्या सगळ्या मशीनवर पाटी लावली आहे. पाळी संपताना दोनच आकडे लिहायचे. ऑफसेट किती दिला, आणि या कोपऱ्यावर किती पीस झाले. मार्कर टूल क्रिबमध्ये ठेवलेत. संपले तर मला सांगा."

हे शांतपणे बोललं तर सव्वा मिनिटाच्या आसपास संपतं. मराठीत सहज बोलण्याचा वेग मिनिटाला एकशेदहा ते सव्वाशे शब्द धरा. त्याहून भरभर बोलावं लागत असेल तर शब्द कमी करा, वेग वाढवू नका.

या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात जास्त काम करतं ते ऑपरेटरचं स्वतःचं वाक्य. ते लीडरने रचलेलं नसावं, खरोखर विचारून, जसं बोललं गेलं तसं घ्यावं. शेतातला, गावाकडचा, विदर्भातला, कुठलाही लहेजा असला तरी तो पुसू नका. दुसरं काम पाटी आणि मार्कर करतात. एकाने आपणहून केलेली गोष्ट बाकीच्यांना करायला सोपी जावी म्हणून लीडरने काय केलं, हे त्यातून दिसतं. पाटी खरोखर लावल्याशिवाय क्लिप टाकू नका. सोमवारी क्लिप आणि बुधवारी पाटी, असं झालं तर पुढच्या सोमवारी तुमचं कोणी ऐकणार नाही.

नाव घेण्याआधी

दोघांनाही आधी विचारा, आणि ग्रुपवर न विचारता मशीनपाशी जाऊन विचारा. काहींना नाव आवडतं, काहींना अजिबात नको असतं. "नको" म्हणाले तर "पहिल्या पाळीचे ऑपरेटर" एवढं पुरतं. "तुम्ही", "यांनी" असा आदर ठेवा. समोरासमोर तुम्ही एखाद्याला अरे-तुरे करत असाल, तरी क्लिप त्याच्या घरीही बघितली जाते.

ज्या उदाहरणात कोणाची तरी चूक झाकलेली आहे, ते क्लिपमध्ये घेऊ नका. "पहिल्या पाळीत ऑफसेट लिहायचा राहिला, पण दुसऱ्या पाळीने वाचवलं" या गोष्टीत एकाचं कौतुक आणि दुसऱ्याची सगळ्यांसमोर नाचक्की होते. ते बोलणं समोर बसून करायचं असतं.

ध्वनिमुद्रण

यावर थोडक्यात. शॉपच्या मधोमध उभं राहून बोललात तर कूलंट पंप आणि एअर गनच्या आवाजात शब्द बुडतात. मोजणीच्या खोलीत जा, इअरफोनचा माइक लावा, आणि चिठ्ठी हातात धरून कॅमेऱ्यासमोर आणा. चेहऱ्यापेक्षा चिठ्ठी जास्त वेळ दिसली तरी चालेल. कागद बघून वाचू नका. क्रम पाठ करा, वाक्यं आपोआप येतात.

लाईनवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची मुलं असतील तर तीच गोष्ट हिंदीत वेगळी सांगून मुद्रित करा. मराठी क्लिपखाली हिंदी ओळी दिल्या तर छोट्या पडद्यावर त्या कोणी वाचत नाही, आणि आपल्यासाठी वेगळं बोलले याची दखल घेतली जाते. मात्र पॅनलचं चित्रीकरण करण्याआधी कंपनीच्या नियमांची खात्री करून घ्या. ड्रॉइंग, पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव चौकटीत येता कामा नये.

क्लिप पाळी सुरू होताना टाका. रविवारी रात्री टाकलेली क्लिप सुट्टी मोडते, आणि तीन पाळ्यांच्या लाईनवर सकाळी सातला टाकलेली क्लिप रात्रपाळीवाल्याच्या झोपेत वाजते. त्याला ती रात्री अकराला वेगळी पाठवा.

दुरुस्तीनंतरही अडत असेल तर

दोन-तीन चांगल्या क्लिपनंतर पुन्हा शांतता पसरली, तर आधी वही उघडा आणि नावं मोजा. बहुतेक वेळा तीच दोन-तीन माणसं आलटून पालटून येत असतात, आणि सगळी मशीनवरचीच असतात. चिप्स उचलणारा, कूलंटचं प्रमाण बघणारा, स्टोअरमध्ये इन्सर्टच्या डब्या लावणारा, मेंटेनन्सचा फिटर यांचं काम एकदाही आलेलं नसतं. हे लाईनला लगेच कळतं. पुढच्या आठवड्यात नोंदी घ्यायला मशीनपासून दूर फिरा.

दुसरी शक्यता जास्त अवघड आहे. ज्या आठवड्यात लाईनचा बोअर गेज कॅलिब्रेशनला गेलेला आहे आणि एकाच गेजवर सगळी मशीनं चालली आहेत, किंवा ओव्हरटाइमचे पैसे अडकले आहेत, त्या आठवड्यात उत्तमात उत्तम उदाहरणही कानाला टोचतं. तेव्हा उदाहरण बाजूला ठेवा आणि त्याच अडचणीवर बोला : "गेज बुधवारी येईल असं कळलंय. तोपर्यंत लाईन एकचा गेज दर तासाला इकडे आणू. आला की ग्रुपवर टाकतो." वीस सेकंदांची ही क्लिप पूर्ण बघितली जाते. तारीख पक्की नसेल तर "अजून तारीख मिळालेली नाही, उद्या चारला पुन्हा विचारतो" असं म्हणा, आणि चारनंतर काय उत्तर आलं तेही कळवा.

आणि वहीत त्या आठवड्यात तिसरी ओळ असलेली एकही नोंद नसेल, तर क्लिप टाकू नका. एचआरला आठवड्याला एक हवीच असेल, तर त्यांना ही अडचण सांगून महिन्याला दोनवर आणता येतं का बघा. रचलेलं उदाहरण मात्र कधीही टाकू नका. लाईनवर कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर काय घडलं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि खोटं पहिल्या चहाच्या सुट्टीच्या आत उघडं पडतं.

क्लिप लागू पडली की नाही, हे अंगठ्यांवरून न ठरवता मशीनवर जाऊन बघा. चिठ्ठीच्या क्लिपनंतरच्या आठवड्यात बोअरच्या मशीनच्या पाट्या वाचा. आकडे रोज बदलत असतील तर लोक खरंच लिहीत आहेत. सगळ्या पाट्यांवर सगळ्या पाळ्यांना तोच गोल आकडा असेल, तर पाटी साहेबांना दाखवायला भरली जाते आहे. तेव्हा पाटीवरचा एक आकडा कमी करा, किंवा लिहिण्याची जागा हाताशी आणा. क्लिप लागू पडल्याची सगळ्यात पक्की खूण वेगळीच असते : ज्या मशीनवर पाटी लावलेलीच नाही, तिथल्या पॅनलवर कोणीतरी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावलेली दिसते. ती दिसली की फोटो काढायच्या आधी त्या माणसाला विचारून घ्या.